घर्षणात्मक, संरचनात्मक आणि चक्रीय बेरोजगारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सांगा, आकडेवारीत बेरोजगार म्हणून नेमकं कोणाला धरतात?

काम नाही म्हणून प्रत्येक जण बेरोजगार ठरत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येत तीन अटी आहेत. पाहणीच्या आठवड्यात त्या माणसाने मोबदल्यासाठी एक ताससुद्धा काम केलेलं नसावं, काम मिळालं तर तो लगेच रुजू होऊ शकत असावा, आणि गेल्या चार आठवड्यांत त्याने काम मिळवण्यासाठी काहीतरी खटपट केलेली असावी. अर्ज पाठवणं, ओळखीच्यांना विचारणं, मुलाखतीला जाणं, यातलं काहीही चालतं.

शोधून शोधून थकलेल्या आणि नाद सोडून दिलेल्या माणसाचा या व्याख्येत बेरोजगारांमध्ये समावेश होत नाही. तो श्रमशक्तीच्या बाहेर जातो. त्यामुळे बेरोजगारीचा दर खाली आला म्हणजे लोकांना कामं मिळालीच असं समजू नये. पुढे संरचनात्मक बेरोजगारीपाशी ही गोष्ट पुन्हा येईल.

घर्षणात्मक बेरोजगारी म्हणजे काय? पुस्तकात तर 'संघर्षजन्य' असं लिहिलंय.

दोन्ही शब्द एकाच गोष्टीसाठी वापरतात. पण 'संघर्षजन्य' म्हटलं की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर संप आणि टाळेबंदी येते, आणि तसं इथे काहीच नसतं. म्हणून मला 'घर्षणात्मक' बरा वाटतो. यंत्राचे दोन भाग एकमेकांत बसणारे असले तरी घर्षणामुळे थोडी शक्ती वाया जाते, तसा इथे थोडा वेळ वाया जातो.

एक हिशेबनीस बाई घ्या. दहा वर्षांचा अनुभव, काम चोख. साहेबांशी पटेना म्हणून महिनाअखेर राजीनामा दिला. पहिला आठवडा बायोडेटा नीट करण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात आठ ठिकाणी अर्ज गेले. तिसऱ्यात एका ठिकाणाहून बोलावणं आलं, पण पगार आधीपेक्षा कमी आणि जायला-यायला रोजचे तीन तास, म्हणून त्यांनी नाही म्हटलं. सहाव्या आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीत मुलाखत झाली, मग दुसरी फेरी, मग जुन्या ठिकाणी चौकशी, आणि नवव्या आठवड्याच्या सोमवारी त्या रुजू झाल्या.

आता त्या कंपनीच्या बाजूने बघा. तिथली जागा बाईंनी राजीनामा दिला त्याच आठवड्यात रिकामी झाली होती. पण वरून मंजुरी यायला दहा दिवस गेले, जाहिरात पंधराव्या दिवशी निघाली आणि आलेले अर्ज आठवडाभर कोणी उघडलेच नाहीत. म्हणजे माणूस होता, जागा होती, दोघं एकमेकांना साजेसेही होते. फक्त एकमेकांची गाठ पडायला नऊ आठवडे लागले. या नऊ आठवड्यांत बाई आकडेवारीत बेरोजगार होत्या, आणि ही बेरोजगारी घर्षणात्मक.

शिक्षण संपवून पहिली नोकरी शोधणारे, बदलीमुळे जोडीदाराबरोबर नव्या गावी आलेले, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा काम शोधणारे हेही बहुतेक वेळा याच गटात पडतात.

पण पहिली नोकरी नाकारली ना त्यांनी! मग ही स्वखुशीची बेरोजगारी नाही का?

काही अंशी आहे, आणि त्यात वावगं काही नाही. शोधणाऱ्याच्या मनात एक किमान पगार ठरलेला असतो. त्याखाली मिळालं तर तो आणखी थांबून बघतो. थांबण्याची किंमत असते, कारण शिल्लक संपत जाते. पण समोर येईल ती नोकरी पकडण्याचीही किंमत असते. बाईंनी तिसऱ्या आठवड्यातली नोकरी घेतली असती तर तीन तासांच्या प्रवासाला कंटाळून चार महिन्यांत पुन्हा शोधायला लागल्या असत्या.

शोध घेण्यात वेळ आणि पैसा खर्च होतो, ही साधी गोष्ट हिशेबात धरली की श्रमबाजाराचं चित्र किती बदलतं, हे पीटर डायमंड, डेल मॉर्टेन्सन आणि ख्रिस्तोफर पिसारिडीस यांनी मांडलं. 2010 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

मग ही बेरोजगारी शून्यावर आणता येते का?

येत नाही. का, ते छोट्या हिशेबाने कळतं. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या देशाचे नाहीत.

समजा 1,040 माणसं आहेत. त्यांतली 1,000 कामावर आणि 40 काम शोधणारी. दर महिन्याला कामावरच्यांपैकी 1 टक्का, म्हणजे 10 जण, काही ना काही कारणाने नोकरी सोडतात किंवा गमावतात. आणि शोधणाऱ्यांपैकी 25 टक्के, म्हणजे तेही 10 जण, कामाला लागतात. दहा आले, दहा गेले, शोधणारे 40 च राहिले. बेरोजगारीचा दर जवळजवळ 3.8 टक्के. वर्षभर हा दर हलणार नाही, पण पुढच्या वर्षी त्या चाळिसात आजचे चेहरे फारसे दिसणार नाहीत. बसथांब्यावर कायम दहा-बारा माणसं दिसतात, म्हणून तीच माणसं सकाळपासून उभी आहेत असं कोणी म्हणत नाही. तसंच हे.

हा दर शून्य करायचा तर कोणीही नोकरी सोडता कामा नये, किंवा सोडलेल्याला त्याच दिवशी दुसरी मिळायला हवी. दोन्ही अशक्य. जाहिराती लवकर निघाल्या, माहिती चटकन पोचली, तर 25 चे 30 टक्के होतील आणि दर थोडा उतरेल, एवढंच. म्हणूनच अर्थशास्त्रात 'पूर्ण रोजगार' म्हणतात तेव्हा शून्य बेरोजगारी अभिप्रेत नसते. घर्षणात्मक आणि संरचनात्मक मिळून जी उरते, तिला मिल्टन फ्रीडमन यांनी 1967 च्या भाषणात 'नैसर्गिक दर' म्हटलं. नाव जरा फसवं आहे, कारण त्यात निसर्गाचं काही नाही. नियम बदलले, शोधण्याच्या पद्धती बदलल्या की हा दरही बदलतो.

संरचनात्मक बेरोजगारी यापेक्षा वेगळी कशी?

इथे माणूसही असतो, रिकाम्या जागाही असतात, पण दोघांचा मेळ बसत नाही आणि नुसतं थांबून तो बसणारही नसतो. कौशल्य वेगळं असेल, गाव वेगळं असेल, लागणारा परवाना नसेल.

माझं आवडतं उदाहरण चित्रपटगृहातल्या प्रोजेक्टर चालवणाऱ्याचं आहे. 35 मिलिमीटर फिल्मचं मोठं रीळ साधारण वीस मिनिटं चालायचं, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाला सहा रिळं. खोलीत दोन प्रोजेक्टर. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका उमटायचा. तो दिसला की दुसऱ्या यंत्राची मोटर सुरू करायची. सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की प्रकाश आणि आवाज या यंत्रावरून त्या यंत्रावर घ्यायचा. हात बसलेला असेल तर प्रेक्षकाला काही कळायचं नाही. फिल्म तुटली तर अंधारात, शिट्ट्या चालू असताना, मिनिटाभरात जोडून द्यायची. हे शिकायला वर्षं लागायची.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत चित्रपटगृहं डिजिटल झाली. चित्रपट हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहामार्फत फाइलच्या रूपात येऊ लागला. ठरलेल्या मुदतीत चालणारी कुलूपकिल्ली म्हणजे आणखी एक छोटी फाइल. व्यवस्थापकाने सकाळी दिवसभराचे खेळ लावून टाकले की एकाच संगणकावरून सगळे पडदे चालू होतात.

त्या ऑपरेटरची नोकरी गेली तेव्हा चित्रपट बघणारे घटले नव्हते. तो आळशी नव्हता, कामात कच्चाही नव्हता. आणखी नऊ आठवडे काय, नऊ वर्षं थांबला असता तरी ठिपका ओळखणाऱ्या माणसाची जाहिरात निघणार नव्हती. त्याच वेळी सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या जागा निघत होत्या, कधी कधी त्याच इमारतीत. त्या जागेला तो चालत नव्हता.

त्याला प्रशिक्षण दिलं की प्रश्न सुटेल, नाही का?

कधी सुटतो. पण हे उत्तर जितक्या सहज दिलं जातं तितकं ते सोपं नाही.

पहिली अडचण वयाची. पंचविशीतल्या माणसाने वर्षभर शिकून नवं काम धरलं तर पुढची पस्तीस वर्षं त्याचा उपयोग होतो. पंचावन्नव्या वर्षी तोच खर्च करून हाती पाच वर्षं उरतात, आणि नेमणारालाही हे गणित येतं. दुसरी अडचण पगाराची. वीस वर्षांच्या अनुभवाला मिळणारा पगार नव्या कामात नवशिक्याला मिळत नाही, त्यामुळे शिकूनही उत्पन्न निम्म्यावर येऊ शकतं. तिसरी जागेची. नव्या जागा दुसऱ्या शहरात असतात, आणि जिथे मोठा उद्योग बंद पडला तिथे घराला गिऱ्हाईक मिळत नाही. घर विकल्याशिवाय हलता येत नाही, आणि हलल्याशिवाय काम मिळत नाही.

चौथी गोष्ट मात्र प्रशिक्षण देणाऱ्यांची चूक असते. कोणत्या जागा खरोखर रिकाम्या आहेत हे न बघता जो अभ्यासक्रम हाताशी आहे तो शिकवला जातो. मग हातात प्रमाणपत्र येतं आणि बेरोजगारी तशीच राहते. नेमणारा मालक आधी ठरलेला असेल आणि शिकवण्यात त्याचाही हात असेल, तर निकाल बरा लागण्याची शक्यता वाढते.

यातूनच आधी सांगितलेली गोष्ट घडते. पन्नाशी ओलांडलेला माणूस दोन-तीन वर्षं धडपडतो, मग शोधणं सोडतो आणि आकडेवारीतून नाहीसा होतो. संरचनात्मक बेरोजगारी दरामध्ये दिसते त्याहून मोठी असते, असं मला वाटतं ते यामुळेच.

चक्रीय बेरोजगारी म्हणजे मंदीतली बेरोजगारी, बरोबर?

बरोबर. एकूण मागणीच आटते आणि कामं कमी पडतात. पण ती आटते कशी आणि घाव सगळ्यांवर सारखा का पडत नाही, हे बघण्यासारखं आहे.

कपडे धुण्याची यंत्रं बनवणारा एक कारखाना घ्या. समजा त्याच्या गिऱ्हाइकांत 10,000 कुटुंबं आहेत आणि यंत्र दहा वर्षं चालतं. म्हणजे दर वर्षी सरासरी 1,000 कुटुंबं नवं यंत्र घेतात. काळ जरा अनिश्चित झाला. या हजारांपैकी निम्म्यांनी ठरवलं की यंदा नको, दुरुस्त करून आणखी एक वर्ष काढू. त्यांनी फक्त एक खरेदी एका वर्षाने पुढे ढकलली. दहा हजारांपैकी पाचशे कुटुंबांचा हा साधा निर्णय. पण कारखान्याची मागणी 1,000 वरून 500 वर आली, म्हणजे थेट अर्धी. आधी जादा तास बंद होतात, मग कंत्राटी माणसं जातात, मग एक पाळी.

त्या पाळीतला जोडणी कामगार घरी बसला. त्याचं कौशल्य जुनं झालेलं नाही, त्याचं यंत्र तेल घालून झाकून ठेवलेलं आहे, उद्या मागणी आली तर परवा तो तिथेच उभा असेल. त्याला प्रशिक्षण देऊन काय करणार? आणि दुसरीकडे शोधावं तर तिथल्यांचीही मागणी आटलेली. शिवाय त्याचा पगार थांबल्यामुळे तो स्वतःही आता काही खरेद्या पुढे ढकलणार, आणि तिथून दुसऱ्या कोणाची पाळी बंद होणार. (दुरुस्ती करणाऱ्याला मात्र या काळात बरं काम मिळतं.)

म्हणून टिकाऊ वस्तू, घरबांधणी, यंत्रसामग्री या क्षेत्रांना मंदीचा फटका जास्त बसतो. औषधं किंवा साबण पुढच्या वर्षावर ढकलता येत नाहीत.

आता मघाचे 1,040 जण पुन्हा घ्या. मंदीत नोकऱ्या जाण्याचं प्रमाण आहे तेवढंच, महिन्याला 1 टक्का, राहिलं असं धरू. फक्त नेमणुका थंडावल्या आणि शोधणाऱ्यांपैकी 25 ऐवजी 10 टक्क्यांनाच महिन्यात काम मिळू लागलं. पहिल्याच महिन्यात 10 जण नव्याने शोधायला लागले आणि 40 पैकी 4 च बाहेर पडले. चाळिसाचे 46 झाले. असं वाढत वाढत ते 95 च्या आसपास स्थिरावतील, म्हणजे दर 9 टक्क्यांच्या वर. एकही जास्तीची नोकरकपात न होता बेरोजगारी दुपटीहून अधिक झाली! बातम्यांत नोकरकपातीचे आकडे ठळक छापतात, थांबलेल्या नेमणुकांची बातमी होत नाही. प्रत्यक्षात मंदीत दोन्ही एकदम होतं.

एखाद्या ठिकाणी बेरोजगारी वाढली. ती कोणत्या प्रकारची हे ओळखायचं कसं?

बेरोजगारांच्या शेजारी रिकाम्या जागा मोजायच्या. विल्यम बेव्हरिज यांच्या नावाने ओळखली जाणारी वक्ररेषा याच दोन आकड्यांची असते.

जागा भरपूर आहेत, बेरोजगारांच्याच कामाच्या आहेत आणि काही आठवड्यांत भरत आहेत, तर घर्षणात्मक. जागा भरपूर आहेत, पण त्याच त्या जाहिराती महिनोन् महिने झळकताहेत आणि शोधणारे भलत्याच धंद्यातले किंवा भलत्याच भागातले आहेत, तर संरचनात्मक. आणि बेरोजगार वाढत असताना जागाच गायब झाल्या असतील, तेही जवळजवळ सगळ्याच धंद्यांत, तर चक्रीय. अमेरिकेत 2009 च्या मध्यावर दर रिकाम्या जागेमागे सहाहून अधिक बेरोजगार होते. सगळे जण सगळी कामं शिकून आले असते तरी सहातल्या पाचांना जागाच नव्हती. याच देशात 2022 च्या वसंतात चित्र उलटलं होतं, एका बेरोजगारामागे जवळपास दोन जागा होत्या.

आणखी एक खूण म्हणजे लोक परत बोलावले जाण्याच्या बोलीवर घरी बसलेत का. एप्रिल 2020 मध्ये महासाथीच्या टाळेबंदीत अमेरिकेतला दर 14.8 टक्क्यांवर गेला, पण त्यातल्या बहुसंख्यांना तात्पुरतं थांबवलेलं होतं. वर्ष संपता संपता तो 7 टक्क्यांच्या खाली आला. नेहमीची मंदी इतक्या झटपट ओसरत नाही. मला विचाराल तर या बेरोजगारीला तिन्हींपैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसवता येत नाही.

एकाच माणसाची बेरोजगारी एका प्रकारातून दुसऱ्यात जाऊ शकते का?

हो, आणि हा सगळ्यात वाईट प्रवास. तो जोडणी कामगार चार महिन्यांत परत गेला तर ठीक. मंदी तीन वर्षं लांबली, तेवढ्यात कारखान्याने स्वयंचलित यंत्रं बसवली, याच्या हाताची सवय गेली, आणि अर्जावरचं तीन वर्षांचं रिकामपण बघून मालक तो बाजूला ठेवू लागले, तर मागणी परतल्यावरही त्याला काम मिळत नाही. सुरुवात चक्रीय होती, शेवट संरचनात्मक. ऑलिव्हिए ब्लांशार्ड आणि लॉरेन्स समर्स यांनी 1986 मध्ये युरोपातल्या, मंदीनंतरही न उतरणाऱ्या बेरोजगारीचा विचार याच अंगाने केला होता.

हंगामी आणि छुपी बेरोजगारी या तिघांत कुठे बसतात?

हंगामी वेगळी मोजतात, कारण ती कधी येणार हे आधीच ठाऊक असतं आणि दरातून गणिताने ती काढूनही टाकता येते. छुप्या बेरोजगारीत माणूस कामावर दिसतो, पण तो नसता तरी उत्पादन तेवढंच झालं असतं. अर्थातच वरच्या व्याख्येत तो बेरोजगार नाही.

प्रकार ओळखण्यात चूक झाली तर काय बिघडतं?

उपाय उलटा पडतो. संरचनात्मक बेरोजगारीवर नुसता पैसा ओतला तर मागणी वाढते, पण हवी ती माणसं नसल्यामुळे किमती चढतात आणि आपला ऑपरेटर घरीच राहतो. चक्रीय बेरोजगारीला संरचनात्मक समजलं तर लोक नसलेल्या जागांसाठी शिकत बसतात.

हा वाद प्रत्यक्षात झालेला आहे. 1961 मध्ये अमेरिकेतली बेरोजगारी सरासरी 6.7 टक्के होती. एक बाजू म्हणे, हे स्वयंचलनामुळे झालंय, कारखान्यांना आता अशी माणसंच नकोत, मागणी वाढवून उपयोग नाही. राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार मंडळाचे प्रमुख वॉल्टर हेलर आणि त्यांचे सहकारी म्हणत होते की मागणीच अपुरी आहे. 1964 मध्ये मोठी करकपात झाली. पुढे व्हिएतनाम युद्धाचा खर्चही वाढत गेला, त्यामुळे सगळं श्रेय करकपातीला देता येणार नाही. पण 1966 ची सरासरी 3.8 टक्के निघाली. ज्यांना कारखान्यांत जागा उरली नाही असं सांगितलं जात होतं, त्यांतल्या पुष्कळांना त्याच कारखान्यांनी कामावर घेतलं होतं.

2009 नंतर तोच वाद जवळपास त्याच शब्दांत पुन्हा झाला. ऑक्टोबर 2009 मध्ये तिथला दर 10 टक्के होता, आणि कौशल्यांचा मेळ बसत नाही म्हणून तो आता फारसा उतरणार नाही असं बरेच जाणकार सांगत होते. उतरायला दहा वर्षं लागली, पण 2019 अखेर तो 3.5 टक्क्यांवर आला होता.